बांधकामावरचं व्याज: इमारतीत किती, खर्चात किती?

समजा, नाशिकच्या एका कंपनीने स्वतःच्या गोदामासाठी १ एप्रिलला ६ कोटींचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं आणि त्याच दिवशी सगळे पैसे जमीन आणि कंत्राटदाराची उचल यांत गेले. व्याज महिन्याला ५ लाख. हे व्याज इमारतीच्या किमतीत धरलं, तर यंदाचा नफा शाबूत राहतो आणि तो बोजा पुढे घसाऱ्यातून हळूहळू उतरतो. मोह होतो तो इथेच.

‘इंड एएस २३’ हा हिशेबाचा नियम त्याला लगाम घालतो. पैसे खर्च होणं, व्याज लागू होणं आणि प्रत्यक्ष हालचाल, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. जमीन नुसती पडून असली तर चालत नाही. मात्र नकाशे, परवानग्यांची कामंही हालचालच. ती जूनमध्ये सुरू झाली, म्हणून एप्रिल-मेचं व्याज थेट खर्चात.

जुलैच्या पावसात काम थांबलं, तरी मोजणी चालूच; तिथला पाऊस अपेक्षितच असतो. पण ऑक्टोबर ते डिसेंबर कंत्राटदाराशी वाद होऊन साइट बंद पडली. ते तीन महिने वगळायचे.

फेब्रुवारीअखेर गोदाम वापरायोग्य झालं. किरकोळ रंगकाम बाकी होतं, उद्घाटन एप्रिलमध्ये ठरलं होतं. तरी मोजणी फेब्रुवारीतच संपते. माझ्या मते लेखापरीक्षकाने सर्वांत कसून तपासावी ती हीच तारीख, कारण उद्घाटनाच्या नावाखाली ती सहज पुढे ढकलली जाते. वर्षाच्या ६० लाखांपैकी इमारतीत गेले ३० लाख, उरलेले ३० लाख नफ्यातून वजा.