घर रिकामं करण्याआधी

मुलुंडला मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं, “सर, बिल्डर किती टक्के जास्त कार्पेट देतोय, एवढं बघितलं की झालं ना?” मी म्हटलं, नाही. बांधकाम मध्येच थांबलं तर पैसा कुठून येणार, हे आधी बघा.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची पत्राचाळ आठवा. तिथे 672 भाडेकरू कुटुंबं होती. जमीन म्हाडाची असल्यामुळे तुमच्या सोसायटीपेक्षा प्रकरण वेगळं, पण धडा तोच. 2008 मध्ये सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. लोकांनी घरं सोडली. पुढे भाडं बंद झालं आणि इमारती अर्ध्यावर राहिल्या. तपास यंत्रणेचा आरोप असा, की रहिवाशांची घरं बांधण्याआधीच विकासकाने विक्रीच्या हिश्शाचे हक्क दुसऱ्या बिल्डरांना विकून टाकले होते. शेवटी म्हाडाला काम हाती घ्यावं लागलं आणि 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

आता तुमचा हिशोब करू. समजा चाळीस घरं आहेत आणि भाडं महिना 35,000 रुपये. म्हणजे महिन्याला चौदा लाख, तीन वर्षांचे पाच कोटी चार लाख. बिल्डर बहुधा अकरा महिन्यांचे चेक आगाऊ देतो, म्हणजे एक कोटी चोपन्न लाखांचे. उरलेले साडेतीन कोटी हा फक्त शब्द! वर्गात मी ‘वचन’ या विषयावर पुष्कळ बोललो, पण बँकेत वचन वटत नाही.

म्हणूनच सहकार कायद्याच्या कलम 79अ खालच्या शासकीय निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे. खर्च साठ कोटी धरला तर गॅरंटी बारा कोटींची. ‘सर, हल्ली एवढी कोणी देत नाही,’ असं सांगून पुष्कळदा ती कमी करून घेतली जाते. तशी कमी करायचीच असेल तर निदान उरलेल्या भाड्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि कागद स्वतः वाचा. गॅरंटी सोसायटीच्या नावे हवी, आणि सोसायटीने लेखी मागताच बँकेने पैसे द्यावेत, बिल्डरची संमती लागू नये. मुदतीची तारीख तर नक्कीच बघा. गॅरंटी एका वर्षाची आणि बांधकाम तीन वर्षांचं, असं असेल तर नूतनीकरण झालं नाही की हातात रद्दी उरते. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवी आली नाही तर जुनी वटवता येईल, असं कलम विकास करारातच घालून घ्या.

कुणी म्हणेल, रेरा आहे की! पण रेराचं संरक्षण मुख्यतः नवीन घर विकत घेणाऱ्याला आहे. जुन्या सभासदाचा आधार म्हणजे नोंदणीकृत विकास करार आणि त्याचा स्वतःचा वैयक्तिक करार. त्यात क्रम स्पष्ट लिहिलेला हवा: आधी सभासदांच्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, मग विक्रीच्या घरांचा ताबा. पत्राचाळीत नेमका हाच क्रम उलटा झाला.

किल्ली द्यायची ती गॅरंटीचा मूळ कागद सोसायटीकडे आल्यावर, आणि तो खरा असल्याचं बँकेच्या शाखेतून लेखी कळल्यावरच.