चौकटीच्या तळाशी आलेली आपलीच सावली

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी उभं राहून सिंधुदुर्गाचा फोटो काढणाऱ्या बहुतेकांच्या फोटोत किल्ला असतो, होड्या असतात, समुद्र असतो आणि खाली वाळूवर एक डोकं आणि फोन धरलेले दोन हात असतात. कारण साधं आहे. आपला सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे पाहिलं की सूर्य पाठीमागे असतो आणि आपली सावली आपल्यासमोर पडते. किल्ल्यावर ऊन छान पडतं म्हणून सकाळची वेळ निवडावी, तर त्याच उन्हात सावलीही चौकटीत येते.

यावर सगळ्यांत जुना आणि सरळ उपाय म्हणजे खालची पट्टी कापणं, म्हणजेच क्रॉप करणं. ट्रायपॉडचा पाय फोटोत आला तरी हाच उपाय. तो कधी पुरतो, कधी पुरत नाही आणि किती कापावं, हे मात्र अंदाजावर सोडण्याची गरज नाही. फोटो काढण्याआधीच ते कळू शकतं.

सावलीचा नियम असा: सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकीच कॅमेऱ्याची सावली फोटोत क्षितिजाच्या खाली. सूर्य बरोबर पाठीमागे २० अंशांवर असेल, तर सपाट वाळूवर कॅमेऱ्याची सावली क्षितिजाच्या २० अंश खाली दिसणार. तुम्ही उभे राहा, गुडघ्यावर बसा किंवा फोन डोक्यावर धरा, ती जागा बदलत नाही. बदलतो फक्त सावलीचा आकार. फोन डोक्यावर उचलला तर डोक्याची सावली फोनच्या सावलीखाली जाते, त्यामुळे थोडी जागा वाचते. मागे सरकल्याने मात्र काहीच फरक पडत नाही, कारण सावली आपल्याबरोबर मागे येते. लोक दहा पावलं मागे जातात, पुन्हा पुढे येतात आणि दर वेळी सावली तिथल्या तिथेच असते, त्याचं कारण हे.

आता प्रश्न उरतो भिंगाचा. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचं भिंग साधारण २६ मिलिमीटरच्या तोडीचं असतं. फोन आडवा आणि सरळ धरला, तर ते क्षितिजाच्या खाली जवळपास २७ अंशांपर्यंत पाहतं. उभा धरला तर ३४ अंशांच्या आसपास. म्हणजे आडव्या फोटोत सूर्य २७ अंशांच्या वर चढेपर्यंत सावली येत राहणार. सूर्योदयानंतर हे व्हायला आपल्याकडे साधारण दोन तास लागतात, हिवाळ्यात थोडे जास्त.

अंश मोजायची साधनं कोणाजवळ नसतात, पण सावली स्वतःच माप देते. सूर्य २७ अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट असते. सावली त्याहून लांब असेल तर ती आडव्या फोटोत येणार, बरीच आखूड असेल तर येणार नाही. डोकं फोनपेक्षा वीतभर वर असतं, म्हणून थोडी सूट धरावी. ज्या वाइड कॅमेऱ्याने सगळं गाव एका फोटोत मावतं, त्याची मर्यादा आणखी कडक आहे. तो खाली ४५ अंशांपर्यंत पाहतो, म्हणजे सावली आपल्या उंचीएवढी होईपर्यंत ती चौकटीत राहते. सकाळचे नऊ वाजले तरी सुटका नाही.

एक फोटो घेऊन हिशोब करून पाहू. फोन आडवा, क्षितिज मधोमध, फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. फोटो काढणाऱ्याची उंची पावणेसहा फुटांच्या आत, म्हणजे १.७ मीटर, आणि फोन १.५ मीटरवर. सूर्य बरोबर मागे, २० अंशांवर. सावलीची लांबी साडेचार मीटरच्या थोडी वर भरते. या फोटोत डोक्याच्या सावलीचा माथा खालच्या कडेपासून सुमारे १८ टक्क्यांवर येतो, म्हणजे ५४० पिक्सेलवर.

पण बरोबर ५४० वर कापलं तर चुकतं. सूर्य हा बिंदू नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. त्यामुळे दूर पडलेल्या सावलीची कड धूसर होते. पाच मीटरचा तिरका प्रवास करून आलेल्या डोक्याच्या सावलीची कड वाळूवर वीतभर लांबीत विरत जाते. छोट्या पडद्यावर ती दिसत नाही, छपाईत मात्र तळाशी मळकट डाग उमटतो, आणि पाहणाऱ्याला तो कसला हेही कळत नाही. म्हणून आणखी ३० पिक्सेल सोडून ५७० वर कापायचं. उरतो ४००० बाय २४३० चा फोटो. कापल्यावर खालची कड पूर्ण मोठी करून डावीकडून उजवीकडे एकदा तपासावी. पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतावर काढलेला फोटो असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. दवाचे थेंब ऊन परत फेकतात, म्हणून डोक्याच्या सावलीभोवती उजळ वलय असतं. सावली गेली तरी त्या वलयाचा वरचा भाग उरतो आणि गवतात मध्येच एक पांढुरका ठिपका दिसतो.

मग चित्राचं काय झालं? क्षितिज आधी मधोमध होतं, ते आता खालून ३८ टक्क्यांवर आलं. आकाश वाढलं, वाळू कमी झाली. किल्ल्याच्या फोटोत हे चालतं, बहुतेक वेळा शोभूनही दिसतं, कारण मोकळी वाळू तशीही फारसं काही सांगत नव्हती. ४ बाय ६ इंचांची प्रिंट हवी असेल तर त्या प्रमाणात बसवायला रुंदीतूनही साडेतीनशे पिक्सेल जातील. उरलेला फोटो १२ बाय १८ इंचांपर्यंत मोठा केला तरी इंचाला २०० पिक्सेल मिळतात. भिंतीवर लावायला तेवढे भरपूर झाले.

याच फोटोत सूर्य २० ऐवजी १० अंशांवर असता, तर गोष्ट संपली असती. तेव्हा नुसत्या फोनची सावलीच खालून ३२ टक्क्यांवर येते आणि डोकं त्याच्याही वर. तेवढं कापलं तर जमीनच उरत नाही, किल्ला तळाला चिकटतो. चौकटीत माणसं उभी असतील तर मर्यादा आणखी लवकर येते. सावली त्यांच्या पायांपर्यंत पोचली असेल, तर ती काढताना घोटे कापले जातात, आणि घोट्यावर कापलेला माणूस फोटोत फार वाईट दिसतो. अशा वेळी गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत धाडसाने कापावं, नाहीतर सावली राहू द्यावी. सगळ्यांत चांगलं म्हणजे फोटो काढतानाच फोन किंचित वर कलवावा, किंवा नारळाच्या, देवळाच्या, एखाद्या ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत उभं राहावं. मोठ्या सावलीत आपली सावली उरत नाही.

ट्रायपॉडच्या पायाची गोष्ट वेगळी. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर सरळ असेल, तर १४ मिलिमीटरच्या रुंद भिंगालाही पाय दिसत नाही. तो दिसतो कॅमेरा खाली झुकवल्यावर, आणि त्याहून जास्त वेळा ट्रायपॉड जमिनीलगत बसवल्यावर. कासच्या पठारावर फुलांच्या उंचीवर कॅमेरा न्यायचा तर पाय जवळजवळ आडवे पसरावे लागतात, आणि त्यातला एक समोर असेल तर तो फोटोत येणारच. म्हणून अशा वेळी एक पाय बरोबर मागे ठेवतात. मग उरलेले दोन डाव्या-उजव्या बाजूला ६० अंशांवर जातात, आणि १४ मिलिमीटरचं भिंग दोन्हीकडे ५२ अंशांपर्यंतच पाहतं. वाव फक्त आठ अंशांचा. पाय एकदा रोवले, मग फुलं नीट बसावीत म्हणून वरचा कॅमेरा जरासा वळवला, की एक पाय कोपऱ्यातून आत येतो. बऱ्याच स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष फोटोच्या सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, त्यामुळे तो पाय डोळ्याला लावलेल्या खिडकीत नसतो आणि फोटोत असतो. रात्रीच्या फोटोत तर काळोखात काळा पाय दिसतच नाही. घरी आल्यावर अंधारा भाग उजळवला की तो उठून येतो.

हा पाय सावलीसारखा मधोमध नसतो, तो कोपऱ्यात पाचरीसारखा घुसतो. म्हणून खालूनच कापायची सवय इथे नडते. ६००० बाय ४००० च्या फोटोत पाय खालून २८० पिक्सेल वर आला असेल आणि उजवीकडून १५० पिक्सेल आत, तर उजवी बाजू कापावी. थोडक्यात काम होतं आणि समोरची फुलं वाचतात. क्षितिज तिरकं असेल तर आधी ते सरळ करावं. फोटो फिरवताना चारही कोपरे जातात आणि कधी कधी पाय त्यातच निघून जातो.

पुसून टाकण्यापेक्षा कापणं बरं असं मी म्हणतो, ते जुन्या पद्धतीच्या ओढीने नव्हे. कापताना आपण फोटोतला एक भाग दाखवत नाही. पुसताना मात्र जिथे सावली होती तिथे नसलेली वाळू रचतो. वृत्तछायाचित्रणात हा फरक फार काटेकोरपणे पाळतात. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनच्या स्तेपान रुदिक यांना क्रीडा विभागात तिसरं पारितोषिक मिळालं होतं. त्यांच्या मालिकेतल्या एका फोटोत झुंजीआधी हाताला पट्टी बांधली जात होती. मूळ फोटो रंगीत आणि बराच मोठा होता. त्यातला छोटासा भाग कापून तो कृष्णधवल केलेला होता. एवढं कापलं यावर परीक्षकांची हरकत नव्हती. हरकत होती ती हातामागे दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पावलाचा लहानसा तुकडा पुसल्याबद्दल. पारितोषिक काढून घेतलं गेलं. अनावश्यक तपशील कापून काढायला त्या स्पर्धेचे नियम आजही परवानगी देतात, चौकटीतली वस्तू पुसायला देत नाहीत.

फॅमिली अल्बमला हे नियम लागू नाहीत, तिथे ज्याला जे हवं ते त्याने करावं. पण फोटो वर्तमानपत्राला किंवा स्पर्धेला द्यायचा असेल, तर कापलेला फोटो वेगळ्या नावाने साठवा आणि मूळ फाइल, त्यातल्या सावलीसकट, जपून ठेवा. परीक्षक ती मागतात.