पोह्यांच्या कृतीतून आज्ञार्थ

मराठी नव्याने शिकणाऱ्याला आज्ञार्थ शिकवायला कांदेपोह्यांची कृती उत्तम. आधी मैत्रिणीला सांगायचे: ‘कांदा चिर, पोहे धू, हळद घाल.’ इथे क्रियापदाचा धातू तसाच राहतो. मग हेच पाहुण्यांना सांगायचे: ‘चिरा, धुवा, घाला.’ ‘घे’ आणि ‘दे’ मात्र ‘घ्या’, ‘द्या’ होतात. ते वेगळे पाठ करावे लागतात.

नकारात शिकणारे हमखास अडखळतात. ते ‘पाणी नका घाला’ म्हणतात. धातूला ‘ऊ’ जोडून ‘नको’ किंवा ‘नका’ शेवटी ठेवायचे: ‘पाणी घालू नको’, ‘पोहे फार भिजवू नका’. विनंती करताना प्रश्न विचारला की सूर मऊ होतो: ‘जरा मीठ द्याल का?’ सगळ्यांनी मिळून करायचे असेल, तर ‘चला, फोडणी करूया.’

पाककृतीच्या पुस्तकात वेगळेच रूप भेटते: ‘कांदा चिरावा, मिरची चिरावी, पोहे धुवावेत.’ इथे क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. ‘चिरा’ मात्र कांद्याला आणि मिरचीला एकच. म्हणून सरावात आधी बोलण्यातली रूपे पक्की करून घ्यावीत आणि मग तीच कृती पुस्तकी रूपात लिहायला द्यावी.