काडीवरचा चौकोन

चष्म्याची काडी उजेडात तिरकी धरली, की आतल्या बाजूला पुसट झालेले आकडे दिसतात. माझ्या भाचीच्या जुन्या चष्म्यावर 50□20-140 असं होतं. गोंदियाला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा ती मोबाइलवर नवी फ्रेम निवडत होती. मोठी, गोल, पारदर्शक फ्रेम तिला फार आवडली होती. खाली 56□18-145 असा आकडा होता. तिनं विचारलं, "मामा, मधे हा चौकोन कशाला?"

तो चौकोन म्हणजे मोजण्याची रीत आहे. काच गोल असो, मांजरीच्या डोळ्यासारखी असो की पानाच्या आकाराची, तिच्या चारही कडांना टेकेल असा एक काल्पनिक चौकोन तिच्याभोवती काढायचा. त्या चौकोनाची रुंदी म्हणजे पहिला आकडा. दोन काचांच्या चौकोनांमधलं अंतर म्हणजे दुसरा, नाकावरच्या पुलाचा. तिसरा आकडा काडीच्या लांबीचा, कानामागचं वळण धरून. सगळं मिलिमीटरमध्ये. जगात कुठंही बनलेली फ्रेम याच पद्धतीनं मोजता यावी म्हणून तिचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. काचेचा आकार कितीही वेडावाकडा असला, तरी चौकोनाचा मध्य नेमका सांगता येतो, आणि सगळी गंमत त्या मध्यातच आहे.

पहिले दोन आकडे मिळवा. जुन्या चष्म्यात ५० अधिक २० म्हणजे ७०. एका काचेच्या मध्यापासून दुसऱ्या काचेच्या मध्यापर्यंतचं हे अंतर. आता भाचीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला चष्म्याच्या दुकानात पीडी म्हणतात, ते आहे ६०. म्हणजे तिची प्रत्येक बाहुली काचेच्या मध्यापासून नाकाकडे ५ मिलिमीटर सरकलेली. तिच्या आवडत्या फ्रेमची बेरीज ७४. तिथं बाहुली ७ मिलिमीटर सरकणार.

भाचीचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ५ आहे. अशी काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. ती घासणारा कारागीर काचेचा पातळ बिंदू बाहुलीसमोर यावा म्हणून तो नाकाकडे सरकवतो. मग बाहुलीपासून बाहेरच्या कडेपर्यंत काच किती उरते? जुन्या फ्रेममध्ये अर्धी रुंदी २५ आणि सरकलेले ५, म्हणजे ३०. नव्या फ्रेममध्ये २८ आणि ७, म्हणजे ३५. फरक जेमतेम ५ मिलिमीटरचा. पण मध्यापेक्षा कडेची जादा जाडी अंतराच्या वर्गानं वाढते. साध्या प्लास्टिक काचेत, मध्ये २ मिलिमीटर जाडी धरली, तर जुन्या फ्रेमची बाहेरची कड साधारण साडेसहा मिलिमीटर येते आणि नवीची आठाच्या वर जाते. फोटोत नाजूक दिसणारी ती पारदर्शक फ्रेम तिच्या नंबरानं बाजूला जाडजूड दिसली असती. 48□16 ची फ्रेम घेतली, तर बेरीज ६४, सरकणं फक्त २, आणि कड साडेपाचच्या आत. नंबर तोच, काच तीच, आणि आठाऐवजी साडेपाच, तेही फक्त काडीवरचे दोन आकडे बदलून! मी हे गणित दोनदा करून पाहिलं.

कारागिरानं पातळ बिंदू सरकवलाच नाही तर? मग काच लोलकासारखी वागते. ७ मिलिमीटरच्या चुकीला मायनस ५ च्या काचेतून एक मीटरवरची वस्तू साडेतीन सेंटिमीटर बाजूला दिसते, आणि दोन्ही डोळ्यांना उलट्या दिशांना. दोन चित्रं एक करण्यासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताणावं लागतं, आणि ते डोळ्यांना फारसं जमत नाही. कपाळ दुखतं, पायऱ्या उतरताना भीती वाटते, आणि माणूस म्हणतो, "नंबर चुकला." नंबर बरोबर असतो, पीडी चुकलेला असतो.

फ्रेम कशाची, हेही याच हिशेबात धरायचं. पुलाचा आकडा धातूच्या फ्रेममध्ये थोडा इकडेतिकडे चालतो, कारण नाकपॅड वाकवता येतात. अॅसिटेटच्या फ्रेमला बहुधा असे पॅड नसतात, पूल तिच्या अंगातच असतो. पण ती गरम करून कानामागं नीट वळवता येते. टीआर-९० हा नायलॉनच्या जातीचा हलका, लवचिक माल. पिळला तरी सहज मोडत नाही, म्हणूनच दुकानात बसवून घेताना फारसा वळतही नाही. स्वस्त धातूत निकेल असेल, तर घामानं नाकावर खाज सुटू शकते.

आता वर्णनातले शब्द. भाचीच्या त्या आवडत्या फ्रेमखाली लिहिलं होतं: यूव्ही प्रोटेक्शन, ब्लू कट, स्क्रॅच-प्रूफ. पण विकत होते फक्त फ्रेम! फ्रेममध्ये येते ती नुसती दाखवायची प्लास्टिक पट्टी, ती काढून आपल्या नंबराची काच बसवायची असते. संरक्षण असतं ते काचेत, आणि ती काच अजून बनलेलीच नसते. म्हणून प्रामाणिक वर्णन असं हवं: "फ्रेमसोबतची काच केवळ नमुन्याची आहे, तिच्यात नंबर किंवा अतिनील संरक्षण नाही." स्क्रॅच-प्रूफ हा शब्द तर कुठल्याच प्लास्टिक काचेला लावू नये. लेपामुळं ओरखडे कमी पडतात, एवढंच खरं.

यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणं. हे दुकानात ढोबळ तपासता येतं. अतिनील टॉर्चखाली नोट धरली, की तिचे क्रमांक चमकतात. मध्ये काच धरल्यावर ती चमक विझली, तर काच निदान त्या टॉर्चचे किरण अडवते. ब्लू कट काच विकताना दुकानात दाखवतात तो निळ्या लेझर पेनचा खेळ मात्र फसवा आहे. तो पेन बहुधा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळ्या टोकाचा. मोबाइलच्या पडद्याचा निळा मुख्यतः ४५० च्या आसपास. लेझर अडला म्हणून पडद्याचा प्रकाश अडला असं होत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा काचांमुळं डोळ्यांचा ताण अल्पकाळात कमी होत असल्याचं दिसलं नाही.

भाऊजी राइस मिलमध्ये काम करतात. मुलीच्या मोबाइलवर "इम्पॅक्ट रेझिस्टंट" वाचून त्यांनी स्वतःसाठीही तसाच चष्मा मागवायचं ठरवलं होतं. पॉलिकार्बोनेटची काच मार सोसते हे खरं. पण उडणारं तूस समोरूनच नाही, बाजूनं आणि खालूनही येतं, आणि नेहमीच्या फ्रेमच्या कडेला बोटभर फट असते. धानाच्या कुसानं बुबुळावर ओरखडा पडला, तर त्यात बुरशी धरू शकते आणि नजर जाऊ शकते. मिलसाठी बाजू झाकणारा सुरक्षा चष्मा लागतो, आणि त्याचं भारतीय मानकही वेगळं आहे: आयएस ५९८३. भाऊजींनी तो वेगळा घेतला.

भाचीनं शेवटी 48□16-140 ची निळी अॅसिटेट फ्रेम घेतली. तुम्ही मागवणार असाल, तर आधी जुन्या काडीवरचे आकडे वाचा आणि नंबर काढून घेताना पीडी कागदावर लिहून मागा. तो बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतो, मागितला की मिळतो.