जनरल रजिस्टर खरं की आधार?

शाळेत लिपिक म्हणून मी बरीच वर्षं काढली. त्या काळात मुख्याध्यापकांना लिहिलेली पत्रं बहुतेक ठरावीक असायची: रजा, खडू-डस्टरची मागणी, पगारपत्रक. एका जुलैमध्ये मात्र जरा वेगळं पत्र दिलं. विषय होता, ‘वार्षिक माहिती भरण्यापूर्वी विद्यार्थी नोंदीचा एकच नमुना मंजूर करणेबाबत’. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, हा एक्सेलचा प्रश्न आहे. तुम्हीच ठरवा की. माझी सही कशाला?’’

सही कशाला, हे कळायला आधी शाळेत एका मुलाची नोंद किती ठिकाणी असते ते पाहावं लागेल. प्रवेशाच्या दिवशी नाव जनरल रजिस्टरला चढतं. हे मूळ दप्तर. शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच निघतो. मग वर्गशिक्षकांच्या कॅटलॉगात, म्हणजे हजेरीपत्रकात, नाव येतं. त्यानंतर राज्याची ‘सरल’ प्रणाली आणि केंद्राची ‘यूडायस प्लस’. २०२२-२३ पासून यूडायसला नुसता वर्गवार आकडा चालत नाही, एकेका मुलाची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. तारीख ३० सप्टेंबरची धरतात. त्या दिवशीच्या पटाला मोठं वजन असतं, कारण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता पटावरच होते.

आमच्या चौदा तुकड्या होत्या. चौदा वर्गशिक्षकांकडून चौदा फाइली यायच्या. कुणी आडनाव आधी लिहायचं, कुणी शेवटी. कुणी आईचं नाव गाळायचं. एकाने जातीच्या रकान्यात ‘ओबीसी’ लिहिलं होतं. तो प्रवर्ग झाला, जात नव्हे. दाखल्यावर दोन्ही लागतात. हे सगळं वैतागाचं खरं, पण बसून निस्तरता येतं. अडचण होती ती न दिसणाऱ्या चुकांची.

त्यातली एक मला वर्षभर कळलीच नव्हती. सरलचा विद्यार्थी क्रमांक एकोणीस अंकी. त्यात आधी वर्ष, मग शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक आणि शेवटचे चार अंक त्या मुलाचे. एक्सेल मात्र कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं, पुढच्यांच्या जागी शून्यं टाकतं. वर्ष आणि शाळा मिळून नेमके पंधरा अंक होतात. म्हणजे उडतात ते मुलाचेच चार, आणि त्या वर्षी नोंदलेल्या सगळ्या मुलांचा क्रमांक एकच होऊन बसतो. पडद्यावर दिसतं ते एवढंच:

```
2.01527E+18
```

असं दिसलं की समजावं, अंक गेले. नंतर रकाना रुंद करा, ‘टेक्स्ट’ करा, गेलेले अंक परत येत नाहीत. पोर्टलवरून पुन्हा उतरवावे लागतात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा आणि मगच क्रमांक भरायचा, एवढीच काळजी घ्यायची होती.

जन्मतारखेचं दुखणं याहून छुपं. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल, तर ०५/११/२०१३ लिहिलेलं तो ११ मे समजतो. २५/११/२०१३ लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते नुसता मजकूर म्हणून तसंच ठेवतो. परिणामी अर्धी मुलं बरोबर, अर्धी चूक, आणि यादी वरवर पाहता स्वच्छ. ओळखायची खूण अशी: एकाच रकान्यात काही तारखा डाव्या कडेला चिकटल्यात आणि काही उजव्या, तर उजवीकडच्या सगळ्या रजिस्टरशी ताडून पाहायच्या. जनरल रजिस्टरात तारीख अंकांत आणि अक्षरांत, अशी दोन्ही प्रकारे लिहितात. ‘पाच नोव्हेंबर दोन हजार तेरा’ याचा मे कोण करणार? जुन्या लिपिकांना अक्कल होती.

पण मॅडमची सही हवी होती ती यासाठी नव्हे. एक्सेलच्या युक्त्या मी चौदा जणांना शिकवल्या असत्या. अडत होतं ते दोन कागद एकमेकांशी भांडतात तिथे.

समजा, सातवीत ज्ञानेश्वरी नावाची मुलगी आहे. रजिस्टरात जन्मतारीख जन्मदाखल्यावरून घेतलेली, १४ ऑगस्ट २०१३. आधार काढताना घरच्यांकडे दाखला नव्हता, वर्ष तेवढं सांगितलं. आधारवर आलं १ जानेवारी २०१३. रजिस्टरात नाव मराठीत. इंग्रजी स्पेलिंग वर्गशिक्षकांनी केलं `DNYANESHWARI`, आधारवर आहे `GYANESHWARI`. यूडायसमध्ये आधारची पडताळणी होते ती नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवून. ही मुलगी तिथे अडकते. सप्टेंबरच्या अखेरीला वरून फोनवर फोन येत असतात. अशा वेळी वर्गशिक्षक काय करतात? आधारवरची तारीख शाळेच्या नोंदीतही घालून मोकळे होतात. पोर्टल हिरवं होतं. दहावीनंतर तिचा दाखला रजिस्टरवरून निघतो आणि दोन जन्मतारखांची मुलगी तयार होते.

रजिस्टरमधलं नाव, जात, जन्मतारीख शाळेनं आपल्या मनानं बदलायची नसते. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे पुरावे जोडून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. इथे तर रजिस्टर बरोबरच आहे, दुरुस्त करायचं आहे आधार. जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जायचं काम पालकांचं. पण वर्गशिक्षकाला ‘तू हात लावू नकोस’ असं लिपिक सांगू शकत नाही. सांगितलं तरी ऐकतो कोण? ते मुख्याध्यापकांच्या आदेशानेच होतं.

म्हणून पत्रात हे लिहिलं होतं:

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, विद्यार्थ्याची ओळख हजेरी क्रमांकाने न धरता जनरल रजिस्टर क्रमांकाने धरावी, कारण हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. आडनाव, नाव, वडिलांचे नाव व आईचे नाव यांसाठी चार स्वतंत्र रकाने असावेत. मराठी नाव व जन्मतारीख रजिस्टरप्रमाणे, आणि आधारवरील नाव व जन्मतारीख वेगळ्या रकान्यांत, जशीच्या तशी घ्यावी. दोहोंत फरक असल्यास नोंद न बदलता शेरा मारावा व पालकांस लेखी कळवावे. रजिस्टरशी ताडून वर्गशिक्षकांनी सही केल्यानंतर यादीतील कोणताही बदल आपल्या आद्याक्षरीशिवाय होऊ नये. तरी सदर नमुन्यास मान्यता मिळावी, ही विनंती.’

मॅडमनी ज्ञानेश्वरीसारखी किती मुलं आहेत ते विचारलं. दोन तुकड्या ताडून झाल्या होत्या, त्यांत नऊ सापडली होती. मॅडमनी पेन उघडलं. ‘मान्य. १ ऑगस्टपासून अंमल. जुन्या फाइली वापरू नयेत.’

नमुना आल्याने सगळं सुटलं असं नाही. आधार केंद्रावरच्या रांगा नमुन्याने कमी होत नाहीत, आणि एका पालकाने तर ‘तारीख तुम्हीच बदला, आमचा रोज बुडतो’ म्हणून वाद घातला. त्याचंही खोटं नव्हतं. पण फरक जुलै-ऑगस्टमध्येच हाती आल्यामुळे सांगायला दोन महिने मिळाले. आधी तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळायचा.

तुमच्या घरी शाळेत जाणारं मूल असेल तर जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून एकदा वाचा, आणि शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा. फरक दिसला तर दहावीचा फॉर्म भरायची वाट पाहू नका. मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती अर्जाने होते. दाखला हातात पडल्यावर तीच फार अवघड होऊन बसते.