अल्पदृष्टीसाठी स्मार्टफोन : भिंगाचे गणित आणि आवाजाची जागा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. योग्य चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी, परंतु 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी होऊन 10 अंशांपर्यंत आक्रसले असेल, तर ती व्यक्ती अल्पदृष्टी मानली जाते. अशा मापांत, उदाहरणार्थ 6/60 या आकड्याचा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरांवरून ओळखता येते, ते ओळखण्यासाठी या व्यक्तीला सहा मीटरांवर यावे लागते. आणि दृष्टिक्षेत्र म्हणजे नजर एका जागी स्थिर असताना आजूबाजूचा जेवढा भाग दिसतो तेवढा. ही दोन मापे स्वतंत्र आहेत. एखाद्याला समोरचे बारीक अक्षर वाचता येते पण शेजारून येणारी सायकल दिसत नाही, तर दुसऱ्याला खोलीत सहज वावरता येते पण समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही. फोनमधील कोणते साधन कोणाच्या उपयोगाचे, हे मुख्यतः या भेदावर ठरते.

फोनमधील दोन प्रमुख साधने मात्र हा भेद समोर ठेवून जन्माला आलेली नाहीत. पडद्यावरील मजकूर आणि बटणे आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइडवरील टॉकबॅक हा स्क्रीन रीडर 2009 मध्ये आला आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हरही त्याच वर्षी आला. टॉकबॅकच्या मागे असलेल्या गूगलमधील कामाचे एक प्रमुख संशोधक टी. व्ही. रामन हे मूळचे पुण्याचे. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि पुढे पुण्यातील वाडिया महाविद्यालय व मुंबईची आयआयटी येथे शिकून ते अमेरिकेत गेले. पडद्याकडे अजिबात न पाहता उपकरण वापरता यावे, ही या प्रणालीची मूळ धारणा होती आणि अंध वापरकर्त्यासाठी ती यथार्थच होती. पडदा मोठा करून दाखवणारे भिंग अँड्रॉइडमध्ये 2012 मध्ये स्वतंत्रपणे आले, आणि त्याची धारणा नेमकी उलटी, म्हणजे वापरकर्ता सर्व काही डोळ्यांनीच करणार, अशी होती. अल्पदृष्टी व्यक्ती या दोन धारणांच्या मध्ये उभी असते आणि बहुधा तिला दोहोंपैकी एकीत कोंबले जाते. घरची माणसे भिंग चालू करून देतात, ते जमेनासे झाले की टॉकबॅक, आणि तेही जमले नाही की फोन कपाटात जातो.

भिंग का जमेनासे होते, हे कळण्यासाठी थोडे गणित करावे लागते. भिंग संपूर्ण पडद्याचे चित्र ताणून मोठे करते, पण पडदा स्वतः आहे तेवढाच राहतो. म्हणून चित्र चौपट केले, की पडद्याच्या रुंदीचा चौथा आणि उंचीचा चौथा भाग, म्हणजे एकूण क्षेत्रफळाचा सोळावा भाग एका वेळी दिसतो. बत्तीस अक्षरांची ओळ असेल, तर त्यातील आठ अक्षरे समोर राहतात आणि उरलेल्यांसाठी दोन बोटांनी चित्र उजवीकडे सरकवावे लागते. ओळ संपली की तितकेच डावीकडे परत यावे लागते, आणि परतताना नेमकी पुढची ओळ न सापडता वरची किंवा खालची सापडते. वाचणारा चुकतो तो बहुधा या परतीच्या वाटेवर. अक्षरे दिसत असूनही अर्थ लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांत नवा दोष निर्माण झालेला असेलच असे नाही; कित्येकदा भिंगाची पट गरजेपेक्षा जास्त झालेली असते.

मजकुराचा आकार वाढवणे ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. फोनच्या सेटिंगमधून अक्षर मोठे केले, की ओळ पडद्याच्या कडेशी तुटून खाली उतरते आणि पुन्हा डावीकडून सुरू होते. वाचणाऱ्याला फक्त वर-खाली जावे लागते, आडवे सरकावे लागत नाही. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षर दुपटीपर्यंत मोठे करता येते. काही ॲप हे सेटिंग पाळत नाहीत, काहींत बटणे एकमेकांवर चढतात, हे खरे. तरीही आधी अक्षर आणि मग गरज उरली तर भिंग, हा क्रम उलटा करण्यास फारसे कारण नाही.

हे एका कल्पित पण नमुनेदार उदाहरणावर लावून पाहता येईल. एका निवृत्त शिक्षिकेची दृष्टी वयोमानानुसार दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजल्यामुळे 6/60 वर आली आहे आणि कडेची नजर शाबूत आहे, असे समजू. निरोगी डोळा चाळीस सेंटिमीटरांवरून सुमारे 0.6 मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखतो, तर 6/60 च्या डोळ्याला त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरचे अक्षर लागते. जेमतेम ओळखता येणाऱ्या आकारात सलग वाचन होत नाही, त्यासाठी साधारण दुप्पट आकार धरावा लागतो, म्हणून गरज 12 मिलिमीटरची झाली. फोनवरील नेहमीचे अक्षर 2 मिलिमीटर धरले, तर भिंग सहापट करावे लागेल आणि पडद्याचा जेमतेम छत्तिसावा भाग दिसेल. अशा अवस्थेत कोणीही बँकेचा संदेश वाचू शकणार नाही.

आता फोन चाळीसऐवजी वीस सेंटिमीटरांवर धरला, तर डोळ्यातील प्रतिमा आपोआप दुप्पट होते आणि गरज 6 मिलिमीटरवर येते. मात्र उतारवयात डोळ्याचे भिंग इतक्या जवळ नजर स्थिर करू शकत नाही. त्यासाठी दूरच्या नंबरात सुमारे +5 ची भर घातलेला जवळचा चष्मा लागतो, तर नेहमीच्या वाचनाच्या चष्म्यात ती भर साधारण +2.5 च्या आसपास असते. हा चष्मा अल्पदृष्टी तपासणारे नेत्रतज्ज्ञ देतात, आणि फोनच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी तो करून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर फोनमधील अक्षर दुप्पट केले की ते 4 मिलिमीटर होते आणि भिंगाकडे फक्त दीडपटीचे काम उरते. दीडपटीत पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग दिसत राहतो. सहापटीचे ओझे तीन जागी वाटले गेल्यामुळे जे अशक्य होते, ते केवळ संथ झाले.

दृष्टिक्षेत्र आक्रसलेल्या व्यक्तीला, उदाहरणार्थ पुढच्या टप्प्यातील काचबिंदूच्या रुग्णाला, हाच उपाय अपाय करतो. तिच्या नजरेच्या अरुंद वर्तुळात लहान अक्षरांचे दोन-तीन शब्द मावत असतील, तर मोठे केल्यावर एकही मावत नाही. तिने मजकुराचा आकार बेताचा ठेवावा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर घेऊन फरक ठळक करावा आणि लांब मजकूर ऐकावा. साधनांच्या जाहिरातींत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

ऐकण्यासाठी लगेच टॉकबॅककडे धावण्याचेही कारण नाही. टॉकबॅक चालू होताच फोनचे संपूर्ण वर्तन पालटते. एकदा टेकवलेले बोट बटण दाबत नाही, केवळ त्याचे नाव सांगते. ते दाबण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते, पुढच्या घटकाकडे जाण्यासाठी बोट उजवीकडे झटकावे लागते आणि पान सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात. ज्याला बटण दिसते आहे, त्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. सरावानंतर तो अतिशय वेगवान ठरतो, पण सराव आठवड्यांचा असतो. अल्पदृष्टी व्यक्तीसाठी मधली पायरी म्हणजे सिलेक्ट टू स्पीक. हे साधन चालू असताना फोनचे एरवीचे वर्तन अजिबात बदलत नाही. पडद्यावरील छोट्या चिन्हाला स्पर्श करून हव्या त्या परिच्छेदावर बोट टेकवले, किंवा मजकुराभोवती बोट ओढले, की तेवढाच भाग वाचला जातो. आयफोनवर वरच्या कडेवरून दोन बोटे खाली ओढल्यावर संपूर्ण पडदा वाचणारी सोय साधारण हेच काम करते.

वरील शिक्षिकेला बँकेचा संदेश आला, असे धरू. संदेश कोणता, हे त्या मोठ्या अक्षरात डोळ्यांनी शोधतील आणि त्यातील लांब वाक्य सिलेक्ट टू स्पीककडून ऐकतील. पण सहा आकडी ओटीपी ऐकण्यात एक अडचण आहे. 482913 ही संख्या मराठी आवाज ‘चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे तेरा’ अशी वाचू शकतो, आणि ती ऐकून एकेक आकडा टाइप करणे चांगल्या स्मरणशक्तीच्या माणसालाही जड जाते. टॉकबॅकमध्ये वाचनाची पायरी ‘अक्षर’ अशी निवडून एकेक आकडा ऐकता येतो. सिलेक्ट टू स्पीकमध्ये तशी सोय नाही. तेथे भिंग कामाला येते, कारण सहा आकडे मोठे करूनही पडद्यावर मावतात. वाक्य कानाने आणि आकडे डोळ्याने, ही विभागणी या दृष्टीला सर्वांत स्वस्त पडते.

भिंग उघडण्यासाठी तीनदा टिचकी मारण्याची सोय निवडली, तर फोन मंद झाल्यासारखा वाटतो. पहिल्या टिचकीनंतर दुसरी-तिसरी येते का, याची प्रणालीला क्षणभर वाट पाहावी लागते, म्हणून प्रत्येक स्पर्शाला किंचित उशीर होतो. त्याऐवजी कडेचे सुलभता-बटण किंवा आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरण्याची सोय ठेवली, की हा उशीर जातो.

मराठी मजकुराच्या बाबतीत आवाज अडखळला, तर दोष कोठे आहे हे कानावरूनच ओळखता येते. संदेशातील फक्त आकडे आणि इंग्रजी शब्द ऐकू येत असतील आणि मराठी गाळले जात असेल, तर फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नाही. तो मजकूर-ते-वाणी या सेटिंगमधून उतरवता येतो. मराठी वाचले जाते पण उच्चार हिंदी वळणाचे येतात, तेव्हा देवनागरी मजकुराला हिंदी आवाज लावला गेलेला असतो, कारण दोन्ही भाषांची अक्षरे संगणकासाठी एकाच संचातील आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च वेगळा उच्चारायचा, हे लिपी सांगत नाही, ते आवाजाच्या शब्दकोशाला ठाऊक असावे लागते. पीडीएफ उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू आली, तर तो मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात डोळ्याला ‘क’ दिसतो, पण आत साठवलेले चिन्ह रोमन असते. आणि काहीच ऐकू आले नाही, किंवा केवळ ‘चित्र’ एवढाच शब्द आला, तर तो मजकूर नाहीच, ते मजकुराचे छायाचित्र आहे.

यांतील पहिले दोन दोष वापरकर्त्याच्या फोनमध्ये दुरुस्त होतात. शेवटचे दोन पाठवणाऱ्याच्या हातात असतात. गूगल लेन्ससारखे ॲप छायाचित्रातील देवनागरी ओळखते खरे, पण वाकडा फोटो, शिक्का किंवा सही आडवी आली की अनुस्वार व रफार गळतात, आणि हप्त्याची तारीख किंवा रक्कम चुकली तर ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. गृहनिर्माण संस्था, शाळा, पतपेढ्या आणि ग्रामपंचायती यांनी छापील सूचनेचा फोटो गटावर टाकताना तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून त्याखाली जोडावा. मूळ मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला असेल, तर तो तेथून उचलून संदेशात टाकायला एक मिनिट पुरते.