आधी तीस फॉर्म, मग तीनशे

टी.वाय.च्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे करायचं ठरलं की बहुतेक मुलं पहिल्यांदा झेरॉक्सचं दुकान गाठतात. ३०० प्रती निघतात, दोन-तीन दिवसांत भरूनही होतात. मग एक्सेलमध्ये उत्तरं चढवताना लक्षात येतं की सातव्या प्रश्नाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावलाय. तेव्हा काही दुरुस्त करता येत नाही. ही वेळ टाळण्यासाठीच पायलट, म्हणजे पूर्वचाचणी, असते.

समजा, तालुक्याच्या गावातलं १२०० विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. एसटी उशिरा आल्यामुळे किती जणांचा पहिला तास बुडतो, हे शोधायचंय. हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून ३० नावं काढली आणि प्रश्नावली त्यांना दिली. तीसच का? जी अडचण दर दहांत एकाला येते, ती ३० जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के असते. दहाच जणांना विचारलं तर ती ६५ टक्क्यांवर येते.

फॉर्म भरताना शेजारी बसावं, वेळ लावावी आणि कुठे पेन थांबतं ते पाहावं. ‘एसटी वेळेवर आणि पुरेशा असतात का?’ या प्रश्नावर एक मुलगी अडते. गाड्या वेळेवर असतात, पण पुरेशा नसतात. मग तिने हो लिहायचं की नाही? इथे एका प्रश्नाचे दोन करावे लागतात. ‘तुमचा पहिला तास नेहमी बुडतो का?’ यातलं ‘नेहमी’ एकाला आठवड्यातून एकदा वाटतं, दुसऱ्याला रोज. त्याऐवजी ‘मागच्या सहा कामाच्या दिवसांत एसटीमुळे किती दिवस पहिला तास बुडाला?’ असं विचारलं की उत्तर आकड्यात येतं आणि सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात. प्रश्न असे बदलले की पायलटचे फॉर्म मुख्य सर्व्हेत मिसळू नयेत; त्यांचे प्रश्नच वेगळे होते.

पायलटमधून उत्तर काढण्याचा मोहही टाळायला हवा. ३० पैकी १५ जणांचा तास बुडत असेल, तर कॉलेजभरात ‘निम्म्यांचा बुडतो’ असं म्हणता येत नाही. इतक्या छोट्या नमुन्यात खरा आकडा ३२ ते ६८ टक्क्यांत कुठेही असू शकतो.

आता मुख्य सर्व्हेला किती जण लागतील? आपल्याकडचे बरेच प्रबंध क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा तक्ता वापरतात. १२०० विद्यार्थ्यांसाठी त्यात २९१ हा आकडा आहे. त्यामागे ९५ टक्के खात्री, ५ टक्के इकडेतिकडे चालेल ही तयारी आणि निम्मे हो, निम्मे नाही म्हणतील हे सर्वांत सावध गृहीतक आहे. निवड चिठ्ठ्या टाकूनच झालेली हवी. कँटीनमध्ये भेटतील त्या २९१ जणांना हा हिशेब लागू पडत नाही.

पण २९१ म्हणजे पूर्ण भरून परत आलेले फॉर्म. पायलटमध्ये ३० पैकी २४ पूर्ण आले, म्हणजे ८० टक्के. तेव्हा २९१ भागिले ०.८, म्हणजे ३६४ जणांना फॉर्म द्यावे लागतील. हा ८० टक्क्यांचा आकडाही ३० जणांवरूनच आलाय, म्हणून थोडे जास्तच धरावेत.

इथे बहुतेक प्रोजेक्ट थांबतात आणि नेमकी इथेच मोठी चूक राहते. न आलेले ते सहा फॉर्म कोणाचे होते? फॉर्म शेवटच्या तासानंतर वाटले होते आणि संध्याकाळची एसटी पकडायला धावणारी मुलं ते अर्धवट टाकून गेली. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सर्व्हे, तेच त्यातून गळले. अशा वेळी ३६४ काय, ५०० फॉर्म वाटले तरी गळती तशीच राहते आणि तास बुडणाऱ्यांचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसतं. पहिल्या तासाला वाटले तरी तेच होईल, कारण उशिरा येणारे तेव्हा वर्गात नसतात. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास बरा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या, पण चिठ्ठीत नाव निघालेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी गाठावं. त्यांच्या जागी हजर असलेला मित्र घेऊ नये.

दोघा-तिघांच्या गटाला ३६४ फॉर्म झेपत नसतील, तर ५ ऐवजी ७ टक्के फरक मान्य करावा. मग १६९ पूर्ण फॉर्म पुरतात, म्हणजे सुमारे २१२ जणांना द्यायचे. अहवालात हे ७ टक्के आकड्याच्या शेजारीच लिहावेत. मात्र हॉस्टेलची मुलं आणि एसटीने येणारी मुलं यांची वेगळी तुलना करायची असेल, तर हा नमुना तोकडा पडतो. १६९ जणांत हॉस्टेलचे २० निघाले, तर त्यांच्या टक्केवारीत २२ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. तिथे हॉस्टेलच्या यादीतून वेगळ्या चिठ्ठ्या काढाव्या लागतील.